नसलेल्या पुलाचं काम

मामांचा सगळा विश्वास एकाच गोष्टीवर होता. रंग कोणीही फासतो, खरवडायला माणूस लागतो. नवा रंगारी टोळीत आला की पहिले पंधरा दिवस त्याच्या हातात ब्रश यायचा नाही. पत्रा आणि तारेचा ब्रश द्यायचा, आणि गंज दाखवायचा. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "मामा, मी रंगारी म्हणून आलोय, न्हावी म्हणून नाही."

"न्हावी परवडला," मामा म्हणाले. "तो कानामागचं सोडत नाही."

मामा खरे एका भाचीचेच मामा. भाची ठेकेदार होती. नोंदणी तिच्या नावावर, परांची तिची, ट्रक तिचा, सात माणसांची टोळी तिची. पण ती मामा म्हणायची म्हणून टोळी मामा म्हणू लागली, मग चहावाला, मग पूल खात्याचा देखरेख्या. स्वतःच्या पोरांनी फारसं न विचारलेला हा माणूस साठीत गावभराचा मामा झाला, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याला गंजाशिवाय कशाचंच काही वाटत नसे.

कामाच्या जागेवरचं रजिस्टर मामा लिहायचे. तारीख, माणसं किती, काम काय, खाली सही. संध्याकाळी खात्याचा देखरेख्या शेजारी सही करायचा. चाळीस वर्षांत किती रजिस्टरं भरली असतील, पण मामांनी एक गोष्ट कधी लिहिली नव्हती. 'काम बंद.' पाऊस असला तर 'हत्यारे साफ केली'. रंग संपला तर 'परांची तपासली'. एकदा सगळ्या टोळीला हगवण लागली तेव्हा मामांनी लिहिलं, 'माणसे शून्य, मुकादम हजर, दोर मोजले.' सात दोर होते. आदल्या आठवड्यातही सातच होते.

ही खोड पुढे सगळ्यांच्या मुळावर येणार होती.

काम होतं नदीवरच्या लोखंडी पुलाचं. पाच गाळ्यांचा जुना पूल, खरवडून रंगवायचा. दोन गाळे झाले होते, मोजमाप होऊन सह्याही झाल्या होत्या. मग वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस झाला, आणि चौथ्या पहाटे नदी आख्खी झाडं मुळासकट घेऊन आली. ती पुलाला अडकली, मागून पाणी चढलं. मामांना आवाजावरून कळलं. त्यांनी टोळीला हाका मारून परांची, दोर, रंगाचे डबे आणि हत्यारांची पेटी वरच्या चढावर ओढून घेतली. सात माणसं आणि एक म्हातारा, दोन तासांत. शेवटची पेटी वर आली आणि पूल गेला. पाचही गाळे, आणि काठावरचं खात्याचं पत्र्याचं ऑफिसही. साहेबांच्या खुर्चीसकट.

मामांनी पाण्याकडे बघितलं. म्हणाले, "दुसऱ्या गाळ्याला गेल्याच आठवड्यात रंगाचा हात मारला होता."

भाची मात्र हुशार. करारात एकोणिसावं कलम होतं, कोणाच्याच हातात नसलेल्या आपत्तीचं. पूर, भूकंप, युद्ध वगैरे. अशा आपत्तीमुळे काम रोखलं गेलं तर चौदा दिवसांत लेखी कळवायचं. आणि काम सलग साठ दिवस रोखलेलंच राहिलं, तर कोणत्याही पक्षाने पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार संपवावा. दोष कोणाचाच नाही. झालेल्या कामाचा हिशोब होतो आणि दोघंही मोकळे. तिने सहाव्याच दिवशी पत्र दिलं, पोच घेतली आणि साठ दिवस मोजायला बसली.

खात्याने उत्तर पाठवलं, 'पुलाचे रंगकाम कराराप्रमाणे पूर्ण करावे.'

"कुठला पूल?" भाचीने तंबूत बसलेल्या देखरेख्याला विचारलं.

"तो कागदावर आहे अजून," देखरेख्या म्हणाला. "दुरुस्तीखाली. तुमचा करार आहे तोवर पूल दुरुस्तीखाली. करार गेला की पूल वाहून गेला असं लिहावं लागेल. मग चौकशी. साहेबांना चौकशी नकोय."

म्हणजे नदीने पूल नेला होता, पण साहेबांनी तो भाचीच्या खांद्यावर उभा ठेवला होता.

भाचीची घाई वेगळी होती. पलीकडच्या वस्तीच्या मोठ्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं होतं. दीड वर्षाचं काम, सातही जणांचं पोट त्यावर. अर्जासोबत लिहून द्यायचं होतं की आमचं कुठलंही सरकारी काम अर्धवट नाही. आणि नुसतं उठून गेलं, तर काम सोडून पळणाऱ्यांच्या यादीत नाव. पाच वर्षं कुठल्याही सरकारी लोखंडाला हात लावायचा नाही. तिच्या नोंदणीचा कागद दुकानात काचेत लावलेला होता. बारा वर्षं घासून मिळवलेला.

साठ दिवस भरले. एकसष्टाव्या दिवशी भाची आणि मामा वकीलबाईंकडे गेले. टायरच्या दुकानावरची खोली, खालून रबराचा वास वर यायचा. वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. मामांना त्या लगेच आवडल्या. टेबलावर धूळ नव्हती.

भाचीने रात्री बसून नोटीस लिहून आणली होती. वकीलबाईंनी पेन्सिल घेतली आणि वाचता वाचता खरवडायला लागल्या.

"'आम्हाला हे काम सोडावे लागत आहे.' हे कोणी लिहिलं?"

"मीच," भाची म्हणाली.

"सोडणं म्हणजे पळणं. ते याचीच वाट बघतायत. आपण काही सोडत नाही. 'कलम एकोणीस अन्वये करार संपुष्टात आणत आहोत.' बरं पुढे. 'एवढ्या दिवसांत आमचे फार नुकसान झाले असून आता हे काम परवडत नाही.' हेही काढा. परवडत नाही हे कलमात कुठेही नाही. महाग पडलं तरी काम करावंच लागतं. करणं शक्यच नाही, हे आपलं कारण. पूल नाही. एवढं पुरे."

"मग पुढचं तरी राहू द्या," मामा म्हणाले. ते त्यांनी सांगितलेलं होतं. 'आपला पूल मुळातच सडका होता, हे आम्ही तोंडी वारंवार सांगितले होते.'

वकीलबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मामा, सडका आहे हे माहीत होतं, मग तो पडेल हेही माहीत होतं, असं ते म्हणतील. आधीच दिसत होतं त्याला आपत्ती म्हणता येत नाही. तुम्ही साहेबाला शिवी द्यायला जाताय आणि आपलंच कलम खाली ओढताय."

"शिवी नाहीये ती. निरीक्षण आहे."

"निरीक्षण घरी ठेवा."

ही बाई कागदावरून गंज काढत होती, हे मामांना दिसत होतं. 'भयंकर', 'अतिशय दुर्दैवाने', 'आपल्या कृपेने', सगळं गेलं. खाली तारखा राहिल्या. पूर कधी आला, काय वाहून गेलं, कळवलं कधी, आज दिवस किती झाले.

"आणि तुम्ही आपल्या बाजूने काय केलंत? नुकसान कमी व्हावं म्हणून? तेही कलमात मागितलंय."

इथे मामा खुलले. परांचीच्या किती नळ्या वाचवल्या, किती वाजता, डबे किती, दुसरं एखादं पुलाचं काम द्या म्हणून पत्र कधी दिलं, नाही म्हणून उत्तर कधी आलं. वकीलबाई लिहीत गेल्या. एकही आकडा मामांनी आठवून सांगितला नाही, सगळे तोंडपाठ होते.

"ठीक. साठ दिवस सलग काम पूर्ण बंद होतं, त्याला पुरावा काय?"

"रजिस्टर आहे ना," भाची म्हणाली आणि पिशवीतून रजिस्टर काढून तिने टेबलावर ठेवलं.

वकीलबाईंनी पानं उलटली. 'साहित्य हलवले.' 'पाणी ओसरण्याची वाट पाहिली, दोर मोजले.' त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. विसाव्या दिवसावर ते गेलं.

"'काम चालू. माणसे सात. कठडा, खरवड.' एकविसावा, 'काम चालू. कठडा, खरवड पूर्ण.' बाविसावा, 'पहिला हात.' हे काय? एकतिसाव्या दिवसापर्यंत, बारा दिवस. खाली देखरेख्याची सही."

भाचीने हळूच मान वळवली.

"मामा?"

"काठावरचा कठडा वाचला होता," मामा म्हणाले. "दोन्ही बाजूंचा. पुलाच्या तोंडाशी असतो तो. माणसं बसून होती. पत्ते खेळत होती. सात माणसं, हात धड असलेली, पत्ते! डबे होते आपलेच. कठड्यावर गंज होता."

"मामा, तुला मी काय सांगितलं होतं? हात लावू नकोस कशाला."

"पुलाला म्हणालीस. पूल होता कुठे?"

"आता हे साहेब काय म्हणणार माहीत आहे?" वकीलबाई म्हणाल्या. "बारा दिवस काम चालू होतं, म्हणजे काम रोखलं गेलं नव्हतं. साठ दिवस एकतिसाव्या दिवसापासून मोजा. म्हणजे अजून महिनाभर थांबा, मग पंधरा दिवस नोटिशीचे. तुमची टाकी तोवर कोणीतरी रंगवून, वाळवून घरी जाईल. आणि आजच नोटीस दिली तर ती वेळेआधी दिलेली. मग करार मोडला तुम्ही."

भाची रजिस्टर ओढून घेत म्हणाली, "ही पानंच काढून टाकते."

"पान फाडलंत तर दुसरा वकील बघा," वकीलबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "एक काना बदलायचा नाही. देखरेख्याची सही आहे, प्रत त्यांच्याकडे असेल. खोटं उभं करायचं नाही, खरं नीट सांगायचं." मग त्या मामांकडे वळल्या. "मला एक सांगा. हा काठावरचा कठडा करारात होता का? परिशिष्टात रंगवायच्या भागांची यादी असते, त्यात?"

मामांचा चेहरा एकदम लाल झाला.

"नव्हता! तेच तर! पहिल्या दिवशी मी मोजमाप घेतलं तेव्हाच म्हटलं, पूल चकचकीत आणि तोंडाशी हे गंजके दात कशाला? कठडाही घ्या. हिच्याकडून पत्र लिहून घेतलं. त्या ठोंब्या साहेबाने काय उत्तर दिलं माहीत आहे?"

"लेखी?"

"लेखी तर! पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय मी. रोज सकाळी पेटी उघडली की पहिली शिवी त्याला, मग कामाला सुरुवात."

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पेटी कुठे आहे?"

पेटी ट्रकात होती. जिना चढून मामांनी स्वतः आणली, कोणाला धरू दिली नाही. झाकणाच्या आत, तारेच्या ब्रशाने जरा घासला गेलेला, पण अक्षर न अक्षर शाबूत असा कागद. 'काठावरील कठडा सदर कराराच्या परिशिष्टात समाविष्ट नाही. सबब कंत्राटदाराने त्यास हात लावू नये.' खाली साहेबांची सही, शिक्का, तारीख.

"आहाहा," वकीलबाई म्हणाल्या. एवढा एकच उद्गार त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघाला.

मग त्यांनी मामांना समजावलं. नोटिशीला मामांचं निवेदन जोडायचं. विसाव्या ते एकतिसाव्या दिवशी जे केलं ते कराराबाहेरचं होतं, न विचारता केलं, त्याचा मोबदला मागत नाही. कराराच्या यादीतलं काम साठही दिवस बंद होतं. खाली सही.

मामांनी कागद वाचला. परत वाचला.

"बारा दिवस सात माणसांनी घाम गाळला. मी उलटा झोपून खालचं खरवडलंय. आणि 'काम बंद' म्हणून सही करू?"

"काम नव्हतं असं लिहिलेलं नाही, मामा. कराराचं काम नव्हतं, एवढंच."

"माझ्या हाताने 'बंद' हा शब्द कधी लिहिला नाही मी."

भाची म्हणाली, "मामा, यादीत नाव गेलं तर सातही जणांना 'बंद' लिहावं लागेल. रोज. पाच वर्षं."

मामांनी पेन मागितलं. सही लांबलचक होती, त्यात त्यांनी निष्कारण दोनदा टोक कागदात रुतवलं.

नोटीस एका पानाची झाली. कलम, पुराची तारीख, सहाव्या दिवसाचं पत्र, साठ दिवस, केलेले प्रयत्न, पोचल्यापासून पंधरा दिवसांनी करार संपतो, आणि 'आमच्या इतर कोणत्याही हक्काला बाध न येता'. जोडपत्रं तीन. आता पाठवायची कुठे, तर करारात लिहिलेल्या पत्त्यावर. करारात पत्ता होता पुलाजवळच्या ऑफिसचा, जे पुलाबरोबर गेलं होतं.

"तिथेच पाठवायची," वकीलबाई म्हणाल्या. "शिवाय मुख्य कार्यालयात हाती द्यायची, पोच घ्यायची. दोन्हीकडे. पत्ता चुकला हे म्हणायला जागा ठेवायची नाही."

बासष्टाव्या दिवशी मुख्य कार्यालयात पोच मिळाली. नदीकाठी पाठवलेलं पाकीट पोस्टमनने परत आणलं. वर लिहिलं होतं, 'कार्यालय सापडत नाही. तेथे नदी आहे.' वकीलबाईंनी ते जपून फायलीत लावलं.

पोच मिळाल्यापासून चौथ्या दिवशी साहेबांनी भाचीला बोलावलं. मामा बरोबर गेले. साहेबांपुढे रजिस्टरची प्रत, बोट बरोब्बर विसाव्या दिवसावर.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच," मामा म्हणाले.

"काम चालू, काम चालू, काम चालू. बारा वेळा. आणि वर म्हणता काम रोखलं गेलं. मामा, काम चालू होतं की नव्हतं? एका शब्दात सांगा."

हा प्रश्न मामांना जन्मात कोणी विचारला असता, तर उत्तर एकच होतं.

मामा म्हणाले, "चालू होतं. तुमचं नव्हतं."

"म्हणजे?"

"तिसरं जोडपत्र वाचा. सही ओळखीची वाटेल."

साहेबांनी जोडपत्रं उघडलीच नव्हती. आता उघडली. स्वतःचं पत्र वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"हात लावू नये असं लिहिलं होतं मी," ते शेवटी म्हणाले. "मग लावला का?"

"गंज होता."

"विनापरवानगी?"

"गंजानं कुठे परवानगी घेतली होती?"

भाचीने मामांचा शर्ट मागून ओढला. साहेब खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी आता काय करावं लागणार ते मनात मांडलं असावं. करार संपला, म्हणजे पूल वाहून गेला. दुरुस्तीखाली काहीच नाही. वाहून गेला हे दोन महिन्यांनी कबूल करायचं. चेहरा आंबट झाला, पण कागद कागद होता. आठवड्याने उत्तर आलं. 'कलम एकोणीस अन्वये नोटीस मान्य. झालेल्या दोन गाळ्यांचे मोजमाप ग्राह्य.'

पण नोटिशीचे पंधरा दिवस भरायचेच होते. पोच मिळाली त्याच दिवशी वकीलबाईंनी भाचीला फोनवर बजावलं होतं, "तोवर मामांच्या हातात ब्रश दिसता कामा नये. रजिस्टर रोज लिहायचं आणि खरं लिहायचं."

टोळीने तेव्हापासूनच पाळी लावली होती. रोज दोन माणसं मामांवर पहारा. मामा चढावर दगडावर बसायचे, हात खिशात. संध्याकाळी रजिस्टरात लिहायचे. 'काम बंद.' पहिल्या दिवशी अक्षर वाकडं आलं. चौथ्या दिवसापासून जरा सुधारलं.

नवव्या दिवशी ऊन खालून पाण्यावर आपटून कठड्याच्या तळाशी पडलं, आणि मामांना ते दिसलं. डाव्या बाजूच्या कठड्याच्या खालच्या पट्टीला, आतल्या अंगाने, तळहाताएवढी जागा सुटली होती. लाल, खवलेदार. त्यांच्या सहीखाली. 'खरवड पूर्ण' असं लिहिलेल्या जागी.

ते उठले. पहारेकऱ्याने लगेच हाक मारली, "मामा! खाली बसा."

"पाच मिनिटांचं आहे रे. पाच सुद्धा नाही."

"पाच मिनिटं म्हणजे 'काम चालू'. मग टाकी गेली. बसा."

मामा बसले. उरलेले सहा दिवस ते त्या एका जागेकडे बघत बसले. जेवण अर्धवट व्हायचं. टोळीतला एकजण म्हणाला, एवढं तर कोणी मेलेल्या बायकोकडे बघत नाही. मामांनी त्याला दगड मारला, पण नेम धरला नाही.

पंधरावा दिवस संपला. मामांनी शेवटची ओळ लिहिली, 'काम बंद', खाली रेघ मारली. देखरेख्याने सही केली आणि रजिस्टर घेऊन तंबू गुंडाळला.

सोळाव्या सकाळी ट्रक टाकीकडे निघायला उभा होता. परांची भरली होती, सातही जण मागे चढले होते. अर्ज द्यायची मुदत तीन दिवसांनी संपत होती, भाचीला आधी तिथे जाऊन मोजमाप घ्यायचं होतं. तिने हॉर्न दिला. मामा नव्हते. परत दिला. मग तिने खिडकीतून मान काढली आणि तिला खाली काठाशी दोन पाय दिसले, कठड्याखालून बाहेर आलेले, चपला शेजारी नीट लावून ठेवलेल्या. खरवडण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"मामा! चल ना, उशीर होतोय!"

"आता कोणाच्या बापाचं काम चालू नाही," खालून आवाज आला. "पहिला हात वाळायला वीस मिनिटं लागतील. थांबा."

भाचीने इंजिन बंद केलं.